पत्रास कारण की…

(तरुणांच्या पत्रलेखन कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोस्तांनो, आज मी एका वाक्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही ते शेकडो वेळा वाचलं असेल आणि बहुतेकांनी लिहिलंही असेल. ‘होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल.’ आता ते मराठीतही आलंय: ‘आशा आहे की हा ईमेल आपल्याला उत्तम आरोग्यात भेटेल.’ मराठीत ईमेल कुणाला भेटत नाही, तो मिळतो. वाक्य उसनं आहे हे तिथेच दिसतं.

गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या एका ट्रस्टमध्ये गेली काही वर्षं मी अर्ज आणि ईमेल वाचते. बरेच ईमेल तुमच्याच वयाच्या मुलामुलींचे असतात. भिवंडी, मालेगाव, मिरज, चिपळूण, औसा अशा गावांतून ते येतात. या ईमेलांची सुरुवात कशी असते, ती वाचणाऱ्याला कशी दिसते आणि तिच्या जागी काय लिहिता येईल, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी या वाक्याच्या बाजूनं दोन शब्द सांगते, कारण ते मुळात पोकळ नव्हतं. पत्र जहाजानं, घोड्यावरून किंवा डाकवाल्याच्या झोळीतून जायचं तेव्हा वाटेत त्याचे आठवडे, कधी महिने जायचे. लिहिताना समोरचा ठणठणीत असला तरी पत्र पोचेपर्यंत तो आजारी पडलेला असू शकत होता, गाव सोडून गेलेला किंवा वारलेलाही असू शकत होता. पत्राला खरोखरच त्या माणसाला शोधावं लागायचं. म्हणून ‘हे पत्र तुम्हाला गाठेल तेव्हा तुम्ही बरे असा’ ही खरी काळजी होती. आपला ईमेल काही सेकंदांत पोचतो. त्या काळजीचं कारण गेलं आणि वाक्य मागे राहिलं.

हे पहिल्यांदाच घडतंय असं नाही. प्राचीन रोमन लोक पत्राच्या सुरुवातीला लिहायचे की तू बरा असशील तर उत्तम, मीही बरा आहे. हे वाक्य इतकं ठरलेलं झालं की पुढे पूर्ण लिहायचीही गरज उरली नाही. सहा शब्दांची सहा आद्याक्षरं लिहिली की काम भागायचं. सिसेरोच्या पत्रसंग्रहात ही आद्याक्षरं दिसतात. सेनेका या तत्त्वज्ञानं आपल्या एका पत्रात या जुन्या प्रथेची आठवण काढली आणि त्या वाक्यात बदल सुचवला. तू तत्त्वज्ञानाचा अभ्यास करत असशील तर उत्तम, असं म्हणायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे चौकट त्यानं तीच ठेवली, पण आत अशी गोष्ट घातली की जी त्या दोघांच्या नात्यातली होती आणि त्या पत्राच्या कामाची होती.

आद्याक्षरांचं ऐकून हसू आलं असेल तर आपले मेसेज आठवा. सलामची तीन इंग्रजी अक्षरं करून आपणही पाठवतोच. जे म्हणायचं आहे ते शब्दांत लिहायचाही कंटाळा येऊ लागला की समजावं, त्यातला अर्थ आपल्यासाठी संपत आला आहे.

आता आपल्या घरातली पत्रं आठवा. तुमच्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांच्या पेटीत आखाताहून किंवा मुंबईहून आलेली जुनी पत्रं असतील. उर्दूतलं पत्र असेल तर सुरुवात ठरलेली असायची. इथे सर्व खैरियत आहे, तुमची खैरियत अल्लाहकडे नेक मतलूब आहे. आणि मग, अहवाल असा आहे की. मराठी पत्रात इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे, आणि मग, ‘पत्रास कारण की’. त्याहून जुन्या मोडीतल्या पत्रांत नमस्कार-दंडवत झाला, कुशल विचारून झालं की एक शब्द यायचा, ‘विशेष’. तिथून मुद्दा सुरू. जुम्म्याच्या खुतब्यातही तुम्ही ऐकता की हम्द आणि दरूद झाल्यावर ‘अम्मा बअद’ येतं. त्याचा अर्थ एवढाच की यानंतर आता मुद्द्याचं. हा शब्द अरबी पत्रांतही असाच वापरला जात असे.

या सगळ्या परंपरांमध्ये एक समान गोष्ट आहे. सलाम वेगळा आणि काम वेगळं, आणि दोघांच्या मध्ये एक खुंटी. वाचणाऱ्याला कळायचं की इथून पुढे लक्ष द्यायचं आहे. शिवाय ‘तिकडील खुशाली कळवावी’ हा खरा प्रश्न होता, उत्तराच्या पत्रात त्याचं उत्तर यायचं. ‘होप यू आर वेल’ला कुणी उत्तर देतं का? लिहिणाऱ्याला ते नको असतं आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

मग आपण ‘पत्रास कारण की’ टाकून दिलं आणि खुशालीचं तेवढं ठेवलं. माझ्या मते नेमकं उलट करायला हवं होतं.

इथे मिर्झा गालिबची आठवण काढायलाच हवी. त्यांच्या काळात फारसी वळणाच्या पत्रांत सुरुवातीला लांबलचक अल्काब-ओ-आदाब असायचे, म्हणजे समोरच्याला लावायची विशेषणं आणि उपाध्या. कधीकधी तर पत्राचा मोठा भाग त्यातच जायचा. गालिबनी आपल्या उर्दू पत्रांत हे बहुतेक टाकून दिलं. कुणाला ‘मियाँ’ म्हटलं, कुणाला ‘भाई’, आणि थेट बोलायला लागले. आपण पत्रव्यवहाराला संभाषण करून टाकलं, असं त्यांनी स्वतःच एका मित्राला लिहिलं होतं. ही पत्रं ‘ऊद-ए-हिंदी’ आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ या नावांनी 1868 आणि 1869 मध्ये छापली गेली आणि उर्दू गद्याला त्यांनी नवं वळण दिलं. पण हेच गालिब रामपूरच्या नवाबांना लिहायचे तेव्हा दरबारी अदब पाळायचे, कारण तिथून त्यांचं मासिक वेतन यायचं आणि नातं वेगळं होतं. म्हणजे त्यांनी अदब सोडली नाही. समोर कोण आहे हे पाहून पत्राची सुरुवात केली. आपल्याला एवढंच शिकायचं आहे.

आता आजच्या कामाकडे येऊ. तुमचा ईमेल समोरच्याला कसा दिसतो, हे कधी पाहिलंय? तो उघडण्याआधी यादीत दिसतो. तिथे तीन गोष्टी असतात. पाठवणाऱ्याचं नाव, विषय, आणि मजकुराचे सुरुवातीचे काही शब्द. जीमेलमध्ये हे शब्द करड्या अक्षरांत दिसतात. फोनवर सूचना येते तेव्हाही हेच तीन. ते पाहून माणूस ठरवतो की आत्ता उघडायचं की संध्याकाळी. आणि संध्याकाळी म्हणजे बऱ्याचदा कधीच नाही.

आता समजा, विषयात लिहिलंय ‘विनंती’ आणि करड्या अक्षरांत दिसतंय ‘आशा आहे की हा ईमेल आपल्याला’. तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. त्याहून वाईट म्हणजे कर्ज देणाऱ्या, विमा विकणाऱ्या, कोर्स खपवणाऱ्या कंपन्यांचे ईमेलही याच वाक्यानं सुरू होतात. हजारो लोकांना एकच मजकूर पाठवायचा तर सगळ्यांना लागू पडेल असंच वाक्य लागतं. म्हणून वाचणाऱ्याच्या डोळ्याला सवय झाली आहे की हे वाक्य दिसलं की पुढे आपल्यासाठी असं काही नसणार. तुम्ही मनापासून लिहिलेलं असतं, पण यादीत तुम्ही जाहिरातींच्या रांगेत उभे असता.

एक उदाहरण पायरीपायरीनं पाहू. मुलीची ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ही मुलगी समाजशास्त्रात बीए झाली, तीन वर्षं एका संस्थेत काम केलं आणि आता तिला एमएसडब्ल्यूला प्रवेश घ्यायचा होता. त्यासाठी जुन्या प्राध्यापिकेचं शिफारसपत्र हवं होतं. 15 जानेवारी ही शेवटची तारीख. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिनं ईमेलचा मसुदा केला आणि मला दाखवला. तो असा होता:

विषय: विनंती

‘आदरणीय मॅडम, आशा आहे की हा ईमेल आपल्याला उत्तम आरोग्यात आणि आनंदात भेटेल. सर्वप्रथम आपल्या व्यस्त वेळापत्रकातून वेळ काढून हा ईमेल वाचल्याबद्दल मी आपली मनःपूर्वक आभारी आहे. मी आपली माजी विद्यार्थिनी असून आपल्याकडे एक छोटीशी विनंती करू इच्छिते…’

इथवर तीन वाक्यं झाली. मॅडमना काय कळलं? कुणीतरी माजी विद्यार्थिनी आहे आणि तिला काहीतरी हवंय. मुलीचं आडनाव शेख. मॅडमच्या प्रत्येक वर्गात चार-पाच शेख असणार, म्हणजे नावावरून ओळख पटायची शक्यताही कमी. ईमेल वाचायच्या आधीच वाचल्याबद्दल आभार मानले आहेत, त्यामुळे आभारही पोकळ झाले. आणि ‘छोटीशी विनंती’ हे तर खरंच नाही. चांगलं शिफारसपत्र लिहायचं तर त्या मुलीचं काम आठवावं लागतं, कागद पाहावे लागतात, तास-दीड तास सहज जातो. समोरच्याच्या श्रमाला छोटं म्हणणं ही नम्रता नव्हे.

मी तिला म्हटलं, ‘पहिली तीन वाक्यं काढून टाक आणि पुन्हा लिही.’ तिनं दुसऱ्या दिवशी आणलं:

‘मॅडम, मला 15 जानेवारीपर्यंत शिफारसपत्र हवं आहे. फॉर्मची लिंक खाली दिली आहे.’

हे स्पष्ट आहे, पण असं आपण दुकानात सामान मागतो. पोकळ शब्द काढल्यावर तिथे रिकामी जागा राहिली आणि ती जागा हुकमानं भरली. पुष्कळजण इथेच घाबरतात आणि परत ‘आशा आहे की’कडे जातात. त्यांना वाटतं, एक तर गुळमुळीत लिहायचं नाहीतर उद्धट. तिसरा रस्ताच नाही.

तिसरा रस्ता शोधण्यासाठी मी तिला एकच प्रश्न विचारला. ‘शिफारसपत्र द्यायला कॉलेजमध्ये दहा शिक्षक आहेत. तू याच मॅडमना का विचारतेस?’ ती लगेच बोलायला लागली. शेवटच्या वर्षी तिनं भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांच्या पाळ्यांवर प्रकल्प केला होता. तिनं फक्त पुरुष कामगारांशी बोलून अहवाल लिहिला होता. मॅडमनी तो परत दिला आणि सांगितलं, रात्रपाळीचं घर कसं चालतं हे त्यांच्या बायकांना विचार. ती परत गेली, बायकांशी बोलली, आणि तिथेच तिला वाटलं की आपण हेच काम करायचं.

मी म्हटलं, ‘हीच तुझ्या ईमेलची सुरुवात.’ तिसरा मसुदा असा झाला:

विषय: एमएसडब्ल्यू प्रवेशासाठी शिफारसपत्र, 15 जानेवारीपर्यंत

‘मॅडम, नमस्कार. तीन वर्षांपूर्वी भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांच्या पाळ्यांवरचा प्रकल्प मी तुमच्याकडे केला होता. तुम्ही तो परत देऊन मला कामगारांच्या बायकांशी बोलायला सांगितलं होतं. त्या भेटींमुळेच मी समाजकार्याकडे वळले आणि आता एमएसडब्ल्यूला अर्ज करते आहे. त्यासाठी तुम्ही मला शिफारसपत्र द्याल का? ते 15 जानेवारीपर्यंत ऑनलाइन भरायचं आहे. तुम्हाला आठवायला सोपं जावं म्हणून प्रकल्पाची पहिली दोन पानं, गुणपत्रिका आणि गेल्या तीन वर्षांच्या कामाची यादी जोडली आहे. सध्या जमणार नसेल तर 5 जानेवारीपर्यंत तसं कळवलंत तरी चालेल, म्हणजे मला दुसऱ्या शिक्षकांना विचारता येईल.’

आता हा मसुदा सावकाश पाहू. विषयाच्या ओळीत काम आणि तारीख दोन्ही आहेत, म्हणून ईमेल न उघडताही मॅडमना कळतं की हे कधीपर्यंतचं आहे. यादीतल्या करड्या अक्षरांत ‘तीन वर्षांपूर्वी भिवंडीच्या यंत्रमाग कामगारांच्या’ एवढं दिसलं तरी चेहरा आठवायला पुरेसं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यांत कृतज्ञता आहे, पण ‘कृतज्ञ’ हा शब्द नाही. तुम्ही असं केलंत आणि त्यामुळे असं झालं, एवढंच सांगितलंय. शिक्षकाला याहून मोठा मान कोणता? आणि याच वाक्यांनी मॅडमना शिफारसपत्रात लिहायला मजकूरही दिला. म्हणजे सुरुवात आपुलकीची आहे आणि ती काम पण करते.

शेवटचं वाक्यही सुरुवातीइतकंच महत्त्वाचं आहे. नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली आहे, आणि तिला तारीख आहे. ‘आपल्या सोयीनुसार कळवावे’ असं लिहिलं असतं तर ते नम्र वाटलं असतं, पण 14 तारखेपर्यंत वाट पाहत बसावं लागलं असतं.

या उदाहरणातून मी स्वतःसाठी एक साधी रीत ठरवली आहे. पहिल्या दोन-तीन वाक्यांत तीन प्रश्नांची उत्तरं यायला हवीत. तुम्हालाच का लिहिते आहे? आत्ताच का? आणि काय हवंय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच खरी सुरुवात. कधी ते उत्तर जुनी ओळख असतं, कधी समोरच्यानं केलेलं एखादं नेमकं काम असतं, कधी तिसऱ्या माणसानं सुचवलेलं असतं. आणि कधीकधी उत्तर एवढंच असतं की हे काम तुमच्या टेबलावर आहे. तेही चालतं.

हा शेवटचा प्रकार कार्यालयांचा. आपल्यापैकी कितीतरी मुलांचा अर्ज नावाच्या स्पेलिंगवरून अडकतो. आधार कार्डावर शेखचं इंग्रजी स्पेलिंग एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. मग कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला लिहावं लागतं. मराठी अर्जाची पद्धत इथे आपल्या मदतीला येते. विषय, मग संदर्भ, मग महोदय. ही चौकट कोरडी असली तरी पोकळ नाही. विषय आणि संदर्भ या दोन ओळींमुळे कारकुनाला फाइल शोधता येते. पोकळपणा त्यानंतर सुरू होतो: ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय सादर करण्यात येते की, मी आपल्या महाविद्यालयातील एक गरीब व होतकरू विद्यार्थी असून…’

त्याऐवजी पहिलंच वाक्य असं लिहा: ‘माझा शिष्यवृत्तीचा अर्ज नावातील फरकामुळे परत आला आहे, आधार कार्ड आणि दहावीची गुणपत्रिका यांवर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे आहे.’ दुसरं वाक्य: ‘दोन्ही नावे माझीच असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे, ते स्वीकारून अर्ज पुढे पाठवावा, किंवा आणखी कोणता कागद लागेल ते कळवावे, ही विनंती.’ संदर्भाच्या ओळीत अर्जाचा क्रमांक. इथे आरोग्याची चौकशी नाही, आणि कुणाला तिची उणीव वाटणार नाही. रोज अशी पन्नास पत्रं वाचणाऱ्या माणसाचा वेळ वाचवणं हीच तिथली अदब.

आता व्हॉट्सअ‍ॅपचं. तिथे उलटा घोळ होतो. मुलं लिहितात, ‘सलाम मॅडम’. आणि थांबतात. मी दोन तासांनी ‘वअलैकुम अस्सलाम’ लिहिते. मग तिकडून, ‘कशा आहात?’ मी संध्याकाळी उत्तर देते. काम काय ते दुसऱ्या दिवशी कळतं. समोरासमोर भेटल्यावर सलाम करून थांबणं बरोबर आहे, कारण उत्तर लगेच येतं. लिहिताना सलाम आणि काम एकाच मेसेजमध्ये पाठवा. ‘अस्सलामु अलैकुम मॅडम, शुक्रवारच्या मुलाखतीला मूळ कागद आणायचे की झेरॉक्स चालतील?’ सलामही झाला, प्रश्नही झाला, आणि मला एका ओळीत उत्तर देता आलं.

सलामचा विषय निघालाच आहे तर एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. अनोळखी माणसाला ईमेलमध्ये सलाम लिहावा का? माझं उत्तर असं. सलाम पोकळ नाही, कारण तो दुवा आहे आणि त्याला जवाब असतो. ज्याच्याशी तुमचा तसा रिश्ता आहे, तिथे पूर्ण लिहा. कार्यालयातल्या अनोळखी व्यक्तीला ‘नमस्कार’ किंवा ‘आदाब’ लिहा आणि पुढे नाव किंवा पद. अभिवादन एक ओळ, मग लगेच ‘अम्मा बअद’. अभिवादन काढून टाका असं मी म्हणतच नाही. अभिवादनानंतर येणारं जे वाक्य कुणालाही, कधीही, कशासाठीही चालतं, तेवढं काढा.

जुनं वाक्य काढून नवं घालताना काही चुका नेहमी होतात. त्यांची ओळख करून देते.

पहिली चूक म्हणजे खोटी जवळीक. ‘आपले कार्य मला नेहमीच प्रेरणा देते.’ कोणतं कार्य? हे ‘आशा आहे की’चंच भावंड आहे. लेख आवडला असेल तर कोणता आणि त्यातलं काय, ते एका वाक्यात सांगा. सांगता येत नसेल तर स्तुती सोडून द्या आणि सरळ कामाचं बोला. अनोळखी माणसाला सरळ विचारण्यात काही वावगं नाही.

दुसरी चूक जरा नाजूक आहे. समोरच्याबद्दल इंटरनेटवरून गोळा केलेली माहिती सुरुवातीला वापरणं. ‘फेसबुकवर पाहिलं की आपली तब्येत बरी नव्हती.’ लिहिणाऱ्याला वाटतं आपण आपुलकी दाखवली, वाचणाऱ्याला वाटतं हा आपल्यावर नजर ठेवून आहे. जे त्या माणसानं तुम्हाला सांगितलं, किंवा त्याच्या सार्वजनिक कामाचा भाग आहे, तेवढंच वापरा.

तिसरी बाब चुकीपेक्षा मर्यादेची आहे. समोरच्याच्या घरी कुणी वारलं असेल आणि तुम्हाला ते माहीत असेल, तर सांत्वनाचं पत्र वेगळं लिहा. त्यात फक्त सांत्वन असू द्या. ‘वडिलांबद्दल ऐकून वाईट वाटलं, बरं, माझ्या अर्जाचं…’ असं एका पत्रात बसत नाही. काम काही दिवस थांबवता येत नसेल तर त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला लिहा. आणि हेही लक्षात घ्या की ‘आपण आनंदात असाल अशी आशा’ हे वाक्य नेमकं अशाच दिवशी कुणाच्या तरी हातात पडतं. लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं, पण वाचणाऱ्याला टोचतं.

चौथी चूक स्मरणपत्रात होते. उत्तर आलं नाही की आपण लिहितो, ‘माझ्या आधीच्या ईमेलला आपले उत्तर मिळाले नाही.’ पहिलंच वाक्य तक्रारीचं. किंवा मग तेच ‘जस्ट फॉलोइंग अप’, ज्यात काही नसतं. समोरचा तुमचा आधीचा ईमेल शोधत बसणार नाही असं धरून चाला. त्याच साखळीत उत्तर लिहा आणि सुरुवातीला काम पुन्हा सांगा. आपल्या मुलीला मॅडमचं उत्तर आठवडाभर आलं नसतं तर तिनं असं लिहायला हवं होतं: ‘मॅडम, नमस्कार. एमएसडब्ल्यूच्या शिफारसपत्राबद्दल 27 डिसेंबरला लिहिलं होतं. अंतिम तारीख 15 जानेवारी आहे. तुम्हाला जमेल का, एवढं उद्यापर्यंत कळवाल का?’ यात दोष दिलेला नाही, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्या उत्तरानंही काम होतं.

अर्थात सुरुवात चांगली असली म्हणजे काम होतंच असं नाही. जागा नसेल तर नसेल, मॅडम प्रवासात असतील तर असतील. आणि काही वडीलधाऱ्यांना ईमेलपेक्षा आधी फोन केलेला आवडतो, तिथे फोनच करा. पण निदान तुमचा ईमेल तुमचा म्हणून ओळखला तरी जाईल.

ईमेल पाठवण्याआधी करायच्या दोन तपासण्या सांगते. पहिली अशी की पहिलं वाक्य वाचा आणि स्वतःला विचारा, हेच वाक्य एकही शब्द न बदलता दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का? येत असेल तर ते याच्यासाठी लिहिलेलं नाही. दुसरी अशी की ईमेल आधी स्वतःलाच पाठवा आणि उघडू नका. फोन हातात घेऊन यादीत तो कसा दिसतो ते पाहा. नाव, विषय आणि करडे शब्द. एवढ्यावरून कोण लिहितंय आणि कशासाठी, हे कळलं तर पाठवा. नाही कळलं तर पहिलं वाक्य पुन्हा लिहा.

आता तुमच्या समोरच्या कागदावर तुमच्या मनात असलेल्या एका खऱ्या ईमेलची पहिली दोन वाक्यं लिहा. मग कागद शेजाऱ्याला द्या. हे कुणाला लिहिलंय आणि काय हवंय, ते शेजाऱ्यानं सांगायचं. त्याला सांगता आलं नाही, तर ‘पत्रास कारण की’ हे तीन शब्द वर लिहा आणि त्यांच्या पुढे जे सुचेल ते लिहून पाहा. नंतर ते तीन शब्द खोडले तरी चालतील.